मेसेजमध्ये चौकोन आणि भटकलेली वेलांटी: जुन्या फोनवाल्यांना मराठीत उत्तर द्यायचं कसं?

अडतीवरची_मी (मंगळवार, सकाळी ११:४०)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या मार्केट यार्डात एका कांद्याच्या अडतीवर दिवाणजीचं काम करते. शेतकरी फोन करतात, मेसेज टाकतात, पट्टी झाली का, पैसे कधी. मी साध्या एसएमएसने मराठीत उत्तर देते, कारण निम्म्या लोकांकडे बटणाचा फोन आहे.

गेल्या आठवड्यात मोहोळकडचे एक काका पट्टीचा मेसेज घेऊन थेट गादीवर आले. म्हणाले, "आकड्याच्या पुढं हा डबा कशाचा? याच्याखाली कुठला आकडा झाकलाय?" मी पाठवलं होतं ₹12450. त्यांच्या फोनवर दिसत होतं □12450. काकांचा समज, की रक्कम सहा आकडी आहे आणि पहिला आकडा आम्ही खाल्ला. मूळ पट्टी दाखवली तेव्हा शांत झाले. पण चारचौघांत झालेलं बोलणं झालंच.

त्यानंतर लक्ष देऊन विचारायला लागले, तर बऱ्याच जणांना माझे मेसेज मोडके दिसतात. वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं सुटलेली. मग मी मराठीत उत्तर देणं थांबवू का? मालक म्हणतात इंग्रजी अक्षरांत लिही.

शंकासुर (मंगळवार, दुपारी १२:०५)

फोन उचलायचा आणि बोलायचं. विषय संपला.

अडतीवरची_मी (मंगळवार, दुपारी १२:२०)

डिसेंबर-जानेवारीत आवक चढली की दिवसाला दीडशे जणांचं उत्तर असतं. आणि आकडा लेखी लागतो हो, तोंडी सांगितला की त्याचे दोन आकडे होतात.

खटपट्या (मंगळवार, दुपारी १२:५२)

ताई, यावर माझ्याकडे हमखास उपाय आहे. वडिलांच्या जुन्या फोनसाठी मी स्वतः शोधलाय. त्या फोनला वेलांटी कळत नाही, म्हणून आपणच ती आधी टाइप करायची. म्हणजे "शनिवारी" लिहिताना श, मग वेलांटी, मग न. त्यांच्या फोनवर एकदम नीट दिसतं. दोन वर्षं असंच चाललंय.

दुसरा मार्ग म्हणजे त्यांच्या फोनमध्ये मराठी फॉन्ट टाकून द्यायचा. फॉन्ट नाही म्हणून तर सगळा गोंधळ.

पायमोड (मंगळवार, दुपारी २:३०)

माहेर सोलापूर, पोटापाण्याला पुण्यात. फोनवर देवनागरी नीट उमटते का हे तपासणं हेच माझं काम आहे, त्यामुळे राहवलं नाही.

खटपट्या, तुमचा पहिला उपाय कृपया कुणी करू नका. आणि दुसरा अर्धाच खरा आहे.

आधी काकांचा डबा. त्याचा मराठीशी काही संबंध नाही. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं. त्याआधी बनलेल्या फोनच्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून? नंतरच्याही कितीतरी स्वस्त फोनांत ते घातलेलंच नाही. ज्या अक्षराचं चित्र फोनकडे नाही त्याच्या जागी तो चौकोन काढतो. म्हणून "रु." लिहा, चौकोन गेलाच म्हणून समजा. आणि हेच चिन्ह इंग्रजी अक्षरांच्या मेसेजमध्ये टाकलंत तरी एसएमएसची मर्यादा १६० वरून ७० वर येते, कारण एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात ते नाही. मालकांना हेही सांगा.

आता वेलांटी. तिथे चौकोन नाहीत, अक्षरं सगळी दिसतायत, फक्त जागा चुकलीय. म्हणजे फॉन्ट आहे! नाही ती जुळवणी. मराठी मजकूर साठवला जातो तो उच्चाराच्या क्रमाने. "शनिवारी" मध्ये आधी श, मग न, मग वेलांटी, मग व. ती वेलांटी उचलून न च्या डावीकडे नेऊन ठेवणं हे दाखवणाऱ्या फोनचं काम. जुना फोन ते करत नाही, आलं तसं एकापुढे एक मांडतो. मग वेलांटी न आणि व च्या मध्ये पडते आणि वाचणाऱ्याला ती व ची वाटते.

खिळेवाले_काका (मंगळवार, दुपारी ३:१०)

हे आमच्या छापखान्यातलंच झालं. वेलांटीचा खिळा निराळा असायचा. हस्तलिखितात काय आहे ते वाचून जुळारी तो बरोबर अक्षराच्या आधी बसवायचा. तुमच्या जुन्या फोनात खिळ्यांची पेटी आहे, जुळारी नाही.

पण मला एक विचारायचंय. माझ्याकडे लग्नपत्रिकांचा वीस वर्षांचा मजकूर कॉम्प्युटरवर आहे. तो फोनवर पाठवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. कंस, टक्के, काय वाट्टेल ते. हाही जुन्या फोनचाच दोष ना?

पायमोड (मंगळवार, दुपारी ३:४५)

जुळारी नाही! काका, हे मी उद्यापासून ऑफिसात वापरणार.

तुमचं दुखणं मात्र वेगळं आहे. तो मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला. आत खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्टने त्यांना मराठी चेहरा चढवला होता. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो, मग फोन नवा असो की जुना. त्याला रूपांतर करावं लागेल, त्यासाठी वेगळा धागा काढा.

तुमच्यामुळे एक गोष्ट आठवली. मराठी टाइपरायटरवर वेलांटी आधीच मारायचे ना?

खिळेवाले_काका (मंगळवार, दुपारी ४:००)

अर्थात. आधी वेलांटी, मग अक्षर. परीक्षेला तसंच बसायचो. अजून बोटं तशीच जातात.

पायमोड (मंगळवार, दुपारी ४:२५)

म्हणून खटपट्यांची युक्ती सुचणं साहजिक आहे. टाइपरायटरवर कागदावर काय उमटलं एवढंच महत्त्वाचं असतं. मेसेजचं तसं नाही, तो पुढे दुसऱ्या फोनवर जातो.

खटपट्या, एक करा. वडिलांना पाठवलेला "शनिवारी" तुमच्याच फोनवर उघडा.

खटपट्या (मंगळवार, सायंकाळी ५:१५)

उघडला. "शिनवारी" दिसतंय. मला वाटायचं माझ्याच फोनला काहीतरी झालंय.

पायमोड (मंगळवार, सायंकाळी ५:४०)

फोन निर्दोष आहे. तुम्ही श नंतर वेलांटी दिलीत, त्याने ती इमानदारीने श ला लावली. शब्दाच्या सुरुवातीला असं केलंत, समजा "मिळेल" मध्ये, तर वेलांटीला धरायला अक्षरच नसतं. मग नवा फोन तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. शोधात "शनिवारी" टाकलंत तर तुमचे दोन वर्षांचे मेसेज सापडणार नाहीत. आणि वडिलांनी फोन बदलला की सगळे एकदम बिघडतील.

मोडकं दिसतंय तो मजकूर मुळात धडधाकट असतो, हे लक्षात घ्या. दिसायला नीट करायच्या नादात आपण तो खरोखर मोडतो.

ताई, शंका असेल तिथे एवढंच करा. शेतकऱ्याला म्हणा, तोच मेसेज मला परत पाठवा. तुमच्या नव्या फोनवर तो नीट दिसला, तर मजकूर शाबूत आहे आणि अडचण फक्त त्यांच्या पडद्याची. परत आलेल्यात प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं असतील, तर अक्षरं वाटेतच गेली. ती कुठल्याही फोनवर परत येत नाहीत, मेसेज पाठवायच्या सेटिंगमध्ये किंवा पाठवणाऱ्या सेवेत बघावं लागेल.

पूर्वभाग_९ (मंगळवार, रात्री ९:२०)

आमच्या घरी याच्या वरताण. आई तेलुगू वाचते, मराठी बोलते पण वाचत नाही. टॉवेलच्या कारखान्याचा मेसेज मराठीत येतो, मामाचा तेलुगूत. जुन्या फोनवर मराठी मोडकंतोडकं तरी दिसायचं, तेलुगूचे मात्र नुसते चौकोन. ती चौकोन मोजून सांगायची, मोठा मेसेज आहे, भावाचा असणार.

शंकासुर (मंगळवार, रात्री ९:३१)

हे मात्र भारी.

मोहोळकर (बुधवार, सकाळी ७:५०)

डब्यावरून भांडायला आले ते आमचे वडील नव्हेत, पण असू शकले असते. मी वाचणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

वडील चौथी शिकलेत, मराठी पेपर रोज वाचतात. इंग्रजी आकडे कळतात, अक्षरं नाहीत. "Tumchya pattichi rakkam" त्यांच्यासाठी मुंग्या चालल्यात तसं. पाय मोडलेली अक्षरं मात्र त्यांना वाचता येतात. "पट्टी" त्यांच्या फोनवर ट ला पाय मोडून पुढं दुसरा ट असा दिसतो, ते अडखळत नाहीत. वेलांटीला अडखळतात, पण एकदा सवय झाली की ओळीच्या अंदाजानं काढतात. त्यामुळं मालकांचं ऐकून इंग्रजी अक्षरांत जाऊ नका, उरलेली वाटही बंद कराल.

खरी अडचण या मेसेजची झाली. हा अडतीवरूनच आलाय, म्हणून विचारतो:

"तुमच्या दुसऱ्या पट्टीची रक्कम सोमवारी मिळेल. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा."

वडिलांच्या फोनवर हे दोन मेसेज झाले, आणि दुसरा आधी आला. त्यात सुरुवातीला नुसती मात्रा लटकलेली, खाली अक्षर नाही, आणि पुढं "रॉक्स आणा". वडील मला विचारतात, बाजारात रॉक्स म्हणजे काय, औषध आहे का.

अडतीवरची_मी (बुधवार, सकाळी ९:३०)

अरे देवा. तो माझाच आहे. रॉक्स आणले नाहीत ना?

पायमोड (बुधवार, सकाळी १०:१५)

हे मोजण्यासारखं आहे, म्हणून बसून मोजलं.

मराठी एसएमएस एका तुकड्यात ७० खुणांचा. त्याहून मोठा झाला की प्रत्येक तुकड्यात ६७, कारण तुकडे जोडायची माहितीही त्यातच ठेवावी लागते. खूण म्हणजे डोळ्याला दिसणारं अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, मोकळी जागा, सगळं एकेक मोजलं जातं. "दुसऱ्या" दिसायला तीन अक्षरं, मोजायला सात.

तुमचं पहिलं वाक्य पूर्णविरामासकट ४४ भरतं. पूर्ण मेसेज ७८. म्हणजे तो तुटणारच. आता ६७ वी खूण कोणती? "झेरॉक्स" मधला झ. आणि ६८ वी त्याची मात्रा. झ पहिल्या तुकड्यात राहिला, मात्रा दुसऱ्यात गेली. बहुतेक फोन तुकडे परत शिवून एकच मेसेज दाखवतात, तिथे काहीच कळत नाही. मोहोळकरांच्या वडिलांचा फोन शिवत नाही.

"आधार कार्डाची झेरॉक्स" हे दुसऱ्या मेसेजमध्ये पाठवा. दोन्ही सत्तरच्या आत बसतात, मग कुठला आधी आला तरी प्रत्येकाला स्वतःचा अर्थ राहतो.

अडतीवरची_मी (बुधवार, दुपारी १:४०)

पायमोडताई, गंमत ऐका. दुकानात एक जुना बटणाचा फोन पडलाय, त्यावर तोच मेसेज पाठवून बघितला. माझ्या फोनवरून पाठवला तर तुम्ही म्हणता तसाच झ आणि मात्रेच्या मध्ये तुटला. मालकांच्या फोनवरून अक्षर न् अक्षर तेच लिहून पाठवला, तर "झेरॉक्स" अख्खा दुसऱ्या तुकड्यात गेला. असं कसं? मजकूर तोच, मी दोनदा तपासला.

पायमोड (बुधवार, दुपारी २:२०)

मजकूर तोच नाही, तोच दिसतो. माझा संशय "दुसऱ्या" वर आहे. तो आडव्या रेघेसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत मुळातच वेगळं अक्षर आहे, ऱ, त्याचा पाय मोडून पुढे य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, पायमोड, आणि मध्ये एक अदृश्य सांधा. ती अदृश्य खूणही मोजली जाते.

```
ऱ + ् + य           U+0931 U+094D U+092F
र + ् + सांधा + य    U+0930 U+094D U+200D U+092F
```

मालकांचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहीत असणार. मग एकूण ७९ होतात, झ ६८ वर सरकतो आणि आपल्या मात्रेसकट पलीकडे जातो. मालक नकळत वाचले.

जुन्या फोनवर दोन्हींचे हाल वेगळे होतात. पहिल्या तऱ्हेत र खाली टिंब आणि पाय मोडलेला दिसतो. दुसऱ्या तऱ्हेत काही फोन त्या अदृश्य खुणेचाच चौकोन काढतात. वाचायला मला पहिली बरी वाटते.

खटपट्या (बुधवार, दुपारी ३:००)

मग सरळ "दुसर्या" लिहू. रफार तर सगळीकडे दिसतो.

खिळेवाले_काका (बुधवार, दुपारी ३:१२)

नाही! दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. "आचार्यांना जेवण द्या" आणि "आचाऱ्यांना जेवण द्या" यांत एका पंगतीचा फरक आहे. पत्रिकेत ही चूक झाली तर यजमान पैसे द्यायचे नाहीत.

पायमोड (बुधवार, दुपारी ३:३०)

काकांना अनुमोदन. शिवाय जुळारीच नसलेल्या फोनवर रफारही डोक्यावर चढत नाही. तिथे "दुसर्या" मध्येही र पाय मोडून बाजूलाच उभा राहतो. म्हणजे शुद्धलेखन गेलं आणि हाती काहीच आलं नाही.

शब्दच बदलता आला तर बदला. "दुसऱ्या पट्टीची" ऐवजी "पट्टी नं. 2 ची". आकडे इंग्रजीच ठेवा, ते प्रत्येक फोनवर असतात. तसंच "ॲडव्हान्स". त्यातलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, जुन्या फॉन्टमध्ये नाही, तिथे चौकोन येतो. अ वर वेगळा चंद्र काढून पाठवलात, तर हल्लीच्या फोनांवर त्या दोघांच्या मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येऊ शकतं.

मोहोळकर (बुधवार, दुपारी ४:०५)

ॲडव्हान्स कशाला, "उचल" म्हणा की. यार्डात कोण ॲडव्हान्स म्हणतंय?

पायमोड (बुधवार, दुपारी ४:१०)

पडलेच की मी! उचल, तीन खुणा. ॲडव्हान्सच्या नऊ खुणा मोजायचंही कारण नाही आता.

शंकासुर (बुधवार, सायंकाळी ६:००)

एवढं करण्यापेक्षा पट्टीचा फोटो काढून पाठवा. चित्रात वेलांटी हलत नाही.

मोहोळकर (बुधवार, सायंकाळी ६:२५)

स्मार्टफोन असेल त्याला ठीक. वडिलांच्या फोनला फोटो येतच नाही. आणि ज्याला येतो त्याच्या दोन इंची पडद्यावर पट्टीचे आकडे बघायला भिंग लागतं.

पायमोड (बुधवार, सायंकाळी ६:४०)

जुना अँड्रॉइड असेल तिथे मात्र फोटो पटतो मला. कोऱ्या अँड्रॉइड २.३ मध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता, तिथे पूर्ण मेसेजचे चौकोन होतात. तेव्हा आम्ही ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी `opera:config` टाकून मराठी पानं अक्षरांच्या चित्रांच्या रूपात मागवायचो. तीच युक्ती, फक्त मेसेजला तिचा उपयोग नाही. आणि खटपट्यांचा फॉन्ट टाकायचा मार्ग म्हणाल तर तसल्या फोनच्या सिस्टिममध्ये घुसल्याशिवाय तो टाकता येत नाही. टाकला तरी जुळारी येत नाहीच.

अडतीवरची_मी (शनिवार, सकाळी १०:५५)

तीन दिवस नवीन पद्धतीने उत्तरं दिली, हिशोब सांगते. रुपयाचं चिन्ह बंद, "रु." सुरू. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट, सत्तरच्या आत. आकडा सगळ्यात आधी, म्हणजे मेसेज कसाही दिसला तरी रक्कम पहिली वाचली जाते. असा:

"रु. 12450. पट्टी नं. 2. सोमवारी मिळेल."

डब्यावरून कुणी आलं नाही. दोघांना परत पाठवायला सांगितलं, दोन्ही मेसेज माझ्याकडे ठणठणीत आले.

एक मात्र सुटेना. बार्शीकडचे एक आजोबा आहेत, फोन बहुतेक हिंदी भाषेवर असलेला, कुठला ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांना बाकी सगळं दिसतं पण "मिळेल" मधला ळ चौकोन होतो. "कांदा तळाला गेला" मध्येही तेच. वेलांटी भटकलेली आहेच. म्हणजे "मिळेल" पूर्ण वाया.

पायमोड (शनिवार, दुपारी १२:१०)

फक्त ळ? त्या फोनच्या फॉन्टमध्ये तो घातलाच नसेल, हिंदीपुरतीच अक्षरं ठेवली असतील. फोन हातात घेतल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. त्यांना क, ख पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं एका मेसेजमध्ये पाठवून बघा, आणखी कुठे चौकोन येतोय ते कळेल.

मोहोळकर (शनिवार, दुपारी १२:३०)

तोवर "सोमवारी भेटेल" लिहा. ळ नाही, भटकणारी वेलांटी नाही, आजोबांना लगेच कळेल.

खिळेवाले_काका (शनिवार, दुपारी १२:३४)

पैसे भेटत नाहीत हो, मिळतात! माणसं भेटतात!

अडतीवरची_मी (शनिवार, दुपारी १२:५०)

काका, यार्डात पैसेच भेटतात. आजोबांना "भेटेल" पाठवलाय. उत्तर आलं: "भेटला".